शिट्टीत ‘काका’ आणि ‘मामा’ वेगळे कसे कळतात? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नागपुरात आम्ही सहा-सात जण रविवारी सकाळी फुटाळा तलावाच्या काठावर शिट्टीने बोलायचा सराव करतो. फिरायला आलेले लोक थांबतात, हसतात आणि मग प्रश्न विचारतात. प्रश्न बहुतेक तेच असतात, म्हणून उत्तरं एकदाच लिहून ठेवली.

शिट्टीने बोलणं म्हणजे ठरवलेल्या खुणाच ना? एक शिट्टी म्हणजे ‘ये’, दोन म्हणजे ‘जा’?

नाही, आणि गोम इथेच आहे. खुणांची यादी आधी ठरवावी लागते, आणि यादीत नसलेली गोष्ट सांगता येत नाही. शिट्टीच्या बोलीत वेगळी भाषा नसतेच. माणूस आपलीच भाषा बोलत असतो, फक्त गळ्यातल्या आवाजाऐवजी शिट्टी वापरतो. स्पेनच्या ताब्यातल्या कॅनरी बेटांपैकी ला गोमेरा बेटावर ‘सिल्बो’ चालतो, तो शिट्टीत म्हटलेली स्पॅनिश आहे. तुर्कस्तानात गिरेसून प्रांतातल्या कुशकॉय गावात वाजते ती तुर्की. युनेस्कोने सिल्बोला 2009 मध्ये आणि तुर्की शिट्टीला 2017 मध्ये अमूर्त वारशाच्या याद्यांत घेतलं. सिल्बोची गंमत अशी की बेटावरचे मूळ रहिवासी आपल्या जुन्या भाषेत शिट्टी वाजवायचे. स्पॅनिश लोक आले, ती भाषा मेली, पण शिट्टी मारायची रीत तीच राहिली आणि तिच्यात स्पॅनिश भरली गेली.

म्हणून तिथला माणूस शेजारच्या डोंगरावरच्या माणसाला ‘उद्या येताना बकरी घेऊन ये, काळी नको’ असंही सांगू शकतो. हे वाक्य आधी कुणी ठरवून ठेवलेलं नसतं.

मग मेघालयातलं ते गाव? तिथे प्रत्येकाची शिट्टी वेगळी असते म्हणे.

ते पूर्व खासी टेकड्यांमधलं काँगथाँग. तिथे बाळ जन्मलं की आई त्याच्यासाठी एक धून रचते आणि तीच त्याची हाक होते. फार सुंदर प्रथा आहे, पण या पानाचा विषय तो नाही. ती धून म्हणजे नाव आहे. तिच्यात स्वर-व्यंजनं भरलेली नसतात, त्यामुळे त्या धुनेतून नवीन वाक्य तयार होत नाही.

शिट्टीला तर एकच सूर. त्यात आ, ई, ऊ कुठून येणार?

हे वाचून नाही, करून कळतं. खोलीत एकटे असाल तेव्हा कुजबुजत्या आवाजात, गळा अजिबात न वाजवता म्हणा: ई, ए, आ, ओ, ऊ. कान देऊन ऐका. गळा वाजत नाही, तरी काहीतरी वरून खाली उतरत गेल्यासारखं वाटतं. ई सगळ्यात वर, ऊ सगळ्यात खाली.

तोंड ही एक पोकळी आहे. जीभ जशी सरकते तशी ती पोकळी लहान-मोठी होते, आणि पोकळीचा आकार बदलला की तिच्यात घुमणारा सूर बदलतो. माठ भरताना पाणी वर येत जातं तसा आवाज बारीक होत जातो ना, तसंच. ई म्हणताना जीभ पुढे आणि वर येते, तिच्यापुढे अगदी थोडी जागा उरते आणि सूर चढतो. ऊ म्हणताना जीभ मागे जाते, पुढे मोठी पोकळी तयार होते आणि सूर उतरतो. नेहमीच्या बोलण्यात असे अनेक घुमारे एकाच वेळी वाजतात. त्यातला खालून दुसरा घुमारा स्वराचा पुढे-मागेपणा सर्वांत ठळकपणे दाखवतो. शिट्टी मारताना आपण नकळत हाच घुमारा उचलतो आणि बाकीचे टाकून देतो. ओठांच्या किंवा बोटांच्या फटीतून हवेची बारीक धार निघते, ती तोंडातल्या पोकळीशी सूर जुळवते आणि एकच स्वच्छ रेघ बाहेर पडते.

आता ओठांनी साधी शिट्टी मारा आणि ती चालू ठेवून जीभ ई-च्या जागी न्या, मग ऊ-च्या. सूर आपोआप वर-खाली जाईल. शिट्टीचं स्वरांचं गणित एवढंच आहे. बोली शिट्टीचे सूर साधारण 1000 ते 4000 हर्ट्झच्या पट्ट्यात फिरतात.

(मराठीत भाषेतला ‘स्वर’ आणि गाण्यातला ‘स्वर’ एकच शब्द आहे, त्यामुळे या विषयावर बोलताना फार गोंधळ होतो. या पानावर ‘स्वर’ म्हणजे अ-आ-इ-ई, आणि उंची-खोलीसाठी ‘सूर’.)

मग प्रत्येक स्वराचा सूर ठरलेला असतो? ई म्हणजे इतके हर्ट्झ?

ठरलेला नसतो. माणसागणिक तोंड वेगळं, एकाच माणसाचा दम सकाळी वेगळा आणि संध्याकाळी वेगळा. ठरलेली असते ती क्रमवारी: त्या माणसाच्या त्या वेळच्या पट्टीत ई वर, ए त्याखाली, आ मध्ये, ओ-ऊ तळाला. ऐकणारा पहिल्या दोन-तीन शब्दांतच समोरच्याची पट्टी पकडतो आणि मग तुलनेने ऐकतो. गाण्यात षड्ज कळला की बाकीचे सूर ओळखू येतात, तसंच. सिल्बोत सुरुवातीला समोरच्याचं नाव घेऊन हाक मारतात. हाक लक्ष वेधायला असतेच, पण माझ्या मते तिचा दुसरा उपयोग पट्टी कळण्याचा आहे.

किती स्वर वेगळे ऐकू येतात?

यावर अभ्यासकांमध्ये चांगलाच वाद झाला. आन्द्रे क्लास यांनी 1957 मध्ये ला गोमेराच्या शिट्टीवर लिहिलं, तेव्हा त्यांना स्पॅनिशच्या पाच स्वरांपैकी बहुतेक शिट्टीत वेगळे दिसले. मग 1978 मध्ये रामोन त्रुखियो यांनी म्हटलं की शिट्टीत खरे दोनच स्वर आहेत: वरचा गट (इ, ए) आणि खालचा गट (आ, ओ, उ). बाकी सगळं ऐकणारा संदर्भाने भरून काढतो. पुढे आनी रियालां यांनी 2005 च्या लेखात आणि ज्यूलियन मेयर यांनी अनेक भाषांच्या ध्वनिमुद्रणांवर मोजमाप केलं. त्यांच्या कामातून चित्र बऱ्यापैकी उलगडतं: सिल्बोत चार पायऱ्या सापडतात, इ, ए, आ आणि एकत्र झालेले ओ-उ.

दोन्ही बाजूंत तथ्य आहे, असं मला वाटतं. मधल्या पायऱ्या एकमेकींवर सरकतात. घाईत मारलेला ए आणि सावकाश मारलेला आ एकाच उंचीवर येऊ शकतात. टोकाचे मात्र हलत नाहीत. सिल्बो कधीच न ऐकलेल्या फ्रेंच लोकांना मेयर यांनी शिट्टीतले स्वर ओळखायला लावले, तेव्हा त्यांची बरोबर उत्तरं नुसत्या अंदाजापेक्षा बरीच जास्त आली आणि इ व ओ हे टोकाचे स्वर सर्वांत सोपे गेले. फुटाळ्यावर आमचंही तेच झालं. नवीन आलेल्या माणसाला ‘मामी’ पहिल्याच दिवशी कळते. ‘मेला’ आणि ‘माला’ यांत मात्र तो आठवडे अडकतो.

बरं, स्वर कळले. व्यंजनं कशी मारता? शिट्टी मारताना ओठ तर अडकलेले असतात.

सगळ्यात चांगला प्रश्न हाच. शिट्टीसाठी ओठ गोल किंवा ताणून धरावे लागतात, म्हणजे प, ब, म म्हणायला ते मिटता येत नाहीत. बोट घालून शिट्टी मारली तर जिभेचं टोक बोटाखाली दबलेलं असतं, म्हणजे त, द, न म्हणायलाही ते मोकळं नाही. मग उरतं काय?

उरते व्यंजनाची वाट. साध्या बोलण्यातही आपण ‘आदा’ म्हणतो तेव्हा आ-पासून द-पर्यंत आणि द-पासून पुन्हा आ-पर्यंत जीभ प्रवास करते, आणि त्या प्रवासात घुमारा वाकतो. व्यंजनाची बरीचशी ओळख या वाकण्यात असते. शिट्टी मारणारा व्यंजन पुरतं म्हणत नाही. तो फक्त हे वाकणं काढतो, कधी उरलेल्या जिभेच्या पाठीने, कधी जबड्याने, कधी घसा क्षणभर मिटून. द-साठी टोक दातांना लावता आलं नाही तर जीभ मागून पुढे ढकलतो, म्हणजे पुढची पोकळी लहान होते आणि सूर वर जातो. ऐकणाऱ्याला हवा असतो तो नेमका हाच चढ.

म्हणून व्यंजनासाठी दोन गोष्टी ऐकायच्या. पहिली, सूर कुठे वाकला: वर की खाली. दातांपाशी किंवा टाळूपाशी होणारी व्यंजनं (त, द, न, ल, र, स, च, य) सूर वर ओढतात. ओठांची आणि कंठाची (प, ब, म, क, ग) खाली ओढतात. दुसरी, सूर वाकताना तुटला की सलग राहिला. त, क, प, च, स यांत मध्ये शांततेची छोटी फट पडते. न, ल, र, म यांत रेघ तुटत नाही.

दोन प्रश्न, दोन-दोन उत्तरं, म्हणजे चार कप्पे. सिल्बोतल्या स्पॅनिश व्यंजनांची त्रुखियो यांनी अशीच चार गटांत वाटणी केली होती.

हे मराठीत करून दाखवा.

मराठी घराने हे आपल्यासाठी आधीच मांडून ठेवलंय. नाती बघा: काका, मामा, बाबा, दादा, नाना, तात्या. सगळ्यांत स्वर आ-च, म्हणजे फरक फक्त व्यंजनाचा.

समजा तुमचा आ 1700 हर्ट्झच्या आसपास बसतो. ‘काका’ मारताना सूर जरा खालून सुरू होतो, 1700 वर येऊन थांबतो, मग खाली झुकतो आणि तुटतो. क्षणभर काही नाही. पुन्हा खालूनच उगवतो आणि 1700 वर येऊन लांबतो. म्हणजे दरी, आणि दरीच्या तळाशी भेग.

‘मामा’ मारताना सूर तसाच खाली झुकतो, पण तुटत नाही. रेघेला पोटात खड्डा पडल्यासारखी सलग दरी दिसते.

‘नाना’त खड्ड्याऐवजी उंचवटा असतो. सूर 1700 वरून वर जातो आणि न तुटता खाली येतो. शाळेच्या वहीत काढलेल्या टेकडीसारखा.

‘तात्या’त टेकडीही आहे आणि भेगही. वर चढून तुटतो, पलीकडे उंचावरून खाली आ-वर येतो, आणि य-मुळे ते उतरणं जरा लांबतं.

पहिल्या अक्षराचं व्यंजन नेहमी दुबळं असतं, कारण शिट्टी सुरू होण्याआधीची शांतता आणि क-ची शांतता यांत फरक कळत नाही. तिथे फक्त सुरुवातीच्या छोट्या घसरणीवर भागवावं लागतं. मधलं व्यंजन दोन्ही बाजूंनी दिसतं. आपली नाती दोनदा तेच अक्षर म्हणतात ही मोठीच सोय. ‘काका’ अर्धा वाऱ्याने खाल्ला तरी दुसरा ‘का’ उरतो.

आता स्वर बदला. ‘काकी’ची दरी आणि भेग तशीच, पण पलीकडे सूर आ-वर न थांबता थेट ई-च्या शिखरावर जातो. ‘काकू’ भेगेनंतर तळातच राहते. ‘मामा’ आणि ‘मामी’ वाजवून दाखवले की लहान मुलांनाही लगेच कळतं.

मामा आणि बाबा? दादा आणि नाना?

पकडलंत. म आणि ब दोन्ही ओठांचे, दोन्ही सलग मारले तर एकाच कप्प्यात पडतात. द आणि न-चंही तसंच. एकटा शब्द मारला तर ऐकणाऱ्याला ओळखता येत नाही, आणि शिट्टीत हे व्हायचंच.

इथे मराठी आणि स्पॅनिश यांत एक खरा फरक आहे. स्पॅनिशमध्ये दोन स्वरांच्या मध्ये आलेले ब, द, ग पूर्ण बंद होत नाहीत, नुसते घासून जातात. म्हणून सिल्बोत ते सलग कप्प्यात सहज बसतात. मराठीचा द मात्र नीट बंद होतो, फक्त त्या वेळात गळा गुणगुणत राहतो. शिट्टीत गळा नसतो, तेव्हा ही गुणगुण दाखवायला साधन नाही. मग ‘दादा’मध्ये फट ठेवली तर तो ‘तात्या’कडे सरकतो, आणि न ठेवली तर ‘नाना’कडे. आम्ही बराच वेळ घालवून शेवटी न तुटणारा, पण घाईने चढून उतरणारा द निवडला. न-ची टेकडी रुंद, द-ची टोकदार. दहापैकी सहा-सात वेळा जमतं. फार आनंद मानावा असा आकडा नाही.

ट आणि त, ण आणि न यांची गोष्ट त्याहून अवघड. मूर्धन्य व्यंजनांत जीभ वळते आणि तिचा ठसा मुख्यतः वरच्या, तिसऱ्या घुमाऱ्यावर पडतो. शिट्टीने तर एकच रेघ ठेवली आहे. म्हणून ‘पान’ आणि ‘पाण’ शिट्टीत जवळपास जुळे होतात. ख-घ-थ-ध यांचा श्वासही असाच हरवतो.

मग समजतं तरी कसं?

बोलण्यातही आपण सगळी अक्षरं कुठे ऐकतो? कूलर फुल्लवर चालू असताना आई आतून ओरडते, त्यातलं अर्धंच कानावर येतं, तरी ‘भाजी आण’ कळतं, कारण सहा वाजलेत आणि भाजी संपलीय. शिट्टीत हेच जास्त प्रमाणात चालतं. एकट्या शब्दापेक्षा वाक्य सोपं जातं, आणि माहीत असलेल्या विषयावरचं वाक्य त्याहून सोपं.

एक उदाहरण. ‘मामी, ये’ एवढंच मारलं. पहिल्या तुकड्यात खालून वर येणारी सुरुवात, आ, सलग खड्डा, मग ई-चं शिखर. पुढे छोटी विश्रांती. मग य-चा उंच भाग आणि त्याखाली एक पायरी उतरून लांबलेला ए. खड्डा म-चा की ब-चा हे शिट्टी सांगत नाही. पण मराठीत ‘बाबी’ अशी हाक आमच्या गटात कुणाला नाही आणि मामी पलीकडच्या काठावर उभ्या आहेत, म्हणजे प्रश्न मिटला. न कळल्यास समोरचा शेवटचा तुकडा परत मारतो, म्हणजे ‘हे म्हणालास का?’ असं विचारतो. शिट्टीवाल्यांच्या संभाषणात ही परत-परत खात्री करण्याची सवय ठळक दिसते.

वेळेचं काय? लांब-आखूड मारण्याने अर्थ बदलतो का?

बदलतो, आणि मराठीसाठी हे फार कामाचं आहे. फटीची लांबी ऐका: ‘चिता’ आणि ‘चित्ता’. सुराची वाट दोन्हींत तीच, ई-च्या टोकावरून तुटणं आणि पलीकडे आ-वर उतरणं. फरक एवढाच की चित्त्याची फट लांब. शिट्टी मारणाऱ्याने दोन्ही फटी सारख्या ठेवल्या तर जंगलात प्राणी दिसल्याची बातमी देताना भलतंच काही सांगितलं जाईल.

स्वरांचा वेळ मात्र जरा लबाड असतो. अंतर वाढलं की शिट्टीवाले स्वर ताणतात, विशेषतः तुकड्याचा शेवटचा, कारण दूरवर पोचेपर्यंत आखूड सूर झिजतात. त्यामुळे इ-ई हा ऱ्हस्व-दीर्घ फरक शिट्टीत टिकवायचा प्रयत्न करू नका. तसाही आपण तो लिहिताना जास्त आणि बोलताना कमी पाळतो. व्यंजनांच्या फटी मात्र सहसा स्वरांइतक्या ताणत नेऊ नका, नाहीतर प्रत्येक चिता चित्ता होते. नवशिक्यांची हमखास चूक हीच: ते सगळंच सावकाश करतात. स्वर ताणा, व्यंजनं चटकन उरका.

सगळ्या शिट्टी-बोली अशाच असतात का?

नाही. मेक्सिकोतल्या ओआहाका भागातली माझातेक भाषा सुरांची आहे, म्हणजे तिथे शब्दाचा सूर बदलला की अर्थ बदलतो. जॉर्ज कावन यांनी 1948 मध्ये या शिट्टीचं वर्णन केलं. तिथे शिट्टी गळ्याचे सूर उचलते आणि स्वर-व्यंजनांचा बराच भाग सोडून देते. मराठी, स्पॅनिश, तुर्की, ग्रीक यांत शब्दाचा अर्थ गळ्याच्या सुरावर ठरत नाही, म्हणून तिथे शिट्टी तोंडाचा घुमारा उचलते. या दोन वाटांमधला फरक लक्षात ठेवला की पुष्कळ गैरसमज टळतात.

याचीच एक किंमत आहे. ‘येतोस’ आणि ‘येतोस?’ आपण गळ्याच्या चढावर वेगळे करतो. मराठी शिट्टीत सूर स्वरांसाठी खर्च झालेला असतो. म्हणून ‘का’ जोडा: ‘येतोस का’. आमच्या नागपुरी बोलीत तर ‘येऊन राह्यला का बे’ एवढं लांबलचक आहे की शिट्टीला भरपूर माल मिळतो.

इतक्या लांब ऐकू कशी जाते?

सगळी ताकद एका बारीक पट्टीत कोंबलेली असते, आणि ती पट्टी माणसाच्या कानाच्या सर्वांत तीक्ष्ण भागात बसते. वारा, पाणी, गाड्या यांचा गोंगाट बहुतांश खालच्या सुरांत असतो. शिट्टी त्याच्या डोक्यावरून जाते. मे महिन्यात घरी करून बघा. कूलर लावा, दुसऱ्या खोलीतून कुणाला तरी आधी बोलायला आणि मग शिट्टी मारायला सांगा. घुरघुरीत बोलणं बुडतं, शिट्टी वर तरंगते. कसलेल्या माणसाची बोटांची शिट्टी एक मीटरवर 120 डेसिबलच्या घरात जाऊ शकते, म्हणून कानाजवळ मारू नका.

ला गोमेराच्या खोल घळींत शिट्टी किलोमीटरच्या किलोमीटर जाते. आपलं नागपूर सपाट, झाडं आणि इमारती मध्ये. इथे तसे आकडे विसरा.

घरी मोजायचं कसं? माझ्या फोनवर रेघच दिसत नाही.

दोन कारणं असतात. पहिलं फोन. कॉलवर किंवा व्हॉइस नोटमध्ये आवाज स्वच्छ करणारी सोय सलग शिट्टीला गोंगाट समजून दाबते आणि शिट्टी मध्येच गायब होते. साधं रेकॉर्डर अ‍ॅप वापरा, आवाज सुधारण्याचे पर्याय बंद करा, फोन दोन-तीन हात लांब ठेवा. जवळ ठेवला तर रेघेच्या वर खोट्या जाड रेघा दिसतात, म्हणजे आवाज फाटला.

दुसरं कारण प्रात, म्हणजे संगणकावर आवाजाच्या सुराची रेघ काढून दाखवणारा मोफत प्रोग्रॅम. तो बोलण्यासाठी बनवलेला आहे, म्हणून सूर शोधताना मुळात 500-600 हर्ट्झच्या वर बघतच नाही, आणि शिट्टी सुरू होते 1000 वर. मर्यादा बदलली की रेघ उमटते. प्रातमध्ये रेकॉर्ड केलेला ध्वनी निवडा, स्क्रिप्टच्या खिडकीत असं लिहा आणि चालवा:

```
To Pitch: 0.005, 700, 4000
```

पहिला आकडा म्हणजे दर 5 मिलिसेकंदांनी मोजणी, पुढचे दोन खालची आणि वरची मर्यादा. मग ‘काका’ आणि ‘मामा’ एकाखाली एक ठेवा. काकाच्या रेघेत मध्ये कोरी जागा, मामाच्या रेघेत फक्त खळगा. मामाच्या जागीही कोरी जागा आली, तर तुमची शिट्टी म-वर तुटते आहे. जबडा कमी हलवा आणि दम सोडू नका.

मेंदूत काही वेगळं होतं का?

2005 मध्ये ‘नेचर’मध्ये आलेल्या अभ्यासात सिल्बो येणाऱ्यांच्या मेंदूत शिट्टी ऐकताना भाषेचे नेहमीचे भाग जागे झाले, न येणाऱ्यांच्या मेंदूत नाही. 2015 मध्ये ओनुर ग्युन्तुर्क्युन आणि सहकाऱ्यांनी तुर्की शिट्टीवर दाखवलं की बोललेल्या तुर्कीला मेंदूची डावी बाजू पुढे असते, तर शिट्टीला दोन्ही बाजू जवळपास सारख्या राबतात. सूर ऐकायचं काम उजवीकडे जास्त होतं, हे लक्षात घेतलं तर ते पटतंही.

बायकांनी शिट्टी मारावी का, असं आमच्या आजी विचारतात.

ला गोमेरावर आणि कुशकॉयला बायकाही मारतात. ला गोमेराच्या शाळांत 1999 पासून सिल्बो मुलामुलींना सक्तीने शिकवला जातो. आमच्या गटात सगळ्यात स्वच्छ ई एका मामींची आहे, वय एकसष्ट.

आणि रात्री मारली तर साप येतो?

सापाला हवेतून येणारे आवाज ऐकू येतात, पण त्याचा कान खालच्या सुरांना, साधारण काही शे हर्ट्झपर्यंतच, चांगला चालतो. आपली शिट्टी 1000 च्या वर. म्हणजे तुमचा ‘ऊ’सुद्धा त्याच्या डोक्यावरून जाईल. रात्री मारू नका याचं कारण शेजारी. सव्वादहाला बाल्कनीतून ‘नाना’ मारून बघितला होता, खालच्या मजल्यावरचे दादा वर आले.